साक्ष देणारी सही

आजच्या तरुणांना सांगून खरं वाटणार नाही, पण पूर्वी बँकेत नुसतं बचत खातं उघडायचं तरी एका जुन्या खातेदाराची ओळख लागायची. फॉर्मवर तो लिहून द्यायचा की या गृहस्थाला मी इतकी वर्षं ओळखतो, त्याने दिलेला पत्ता खरा आहे. खाली सही आणि स्वतःचा खाते क्रमांक. पुढे आधार वगैरे आल्यावर ही पद्धत मागे पडली. मी काउंटरवर होतो तेव्हा मात्र आम्ही ती सही नमुना सहीच्या कार्डाशी ताडून बघायचो. कारण साधं होतं. चोरलेला चेक कोणी खोट्या नावाच्या खात्यात भरला आणि प्रकरण कोर्टात गेलं, तर पहिला प्रश्न यायचा की हे खातं तुम्ही कोणाच्या ओळखीवर उघडलंत?

त्या काळी बरेच खातेदार बाजारात भेटलेल्या कोणाच्याही फॉर्मवर सही ठोकायचे. "दोन अक्षरं तर लिहायची, आपलं काय जातंय?" असं म्हणायचे. आमचे एक जुने हेडकॅशियर मात्र ओळख देताना प्रत्येकाला विचारायचे, "माझी नि तुझी ओळख कशातली?" उत्तर नीट आलं तरच पेन उघडायचे.

हे आठवण्याचं कारण असं, की आजकाल आपल्यासारख्या निवृत्त माणसांकडे निराळ्याच सह्या मागायला मुलं येतात. मुलगा किंवा मुलगी पुण्या-मुंबईला नाहीतर परदेशी शिकायला जाणार असते आणि तिला शिफारसपत्र हवं असतं. निवृत्त शिक्षकांना तर हे रोजचंच झालं आहे. मी शिक्षक नाही. बी.कॉम. होऊन बँकेत कारकुनी केली, आणि निवृत्तीनंतर संध्याकाळी पडवीत कॉलेजच्या मुलांना जमाखर्च शिकवतो. फी घेत नाही. नऊ वर्षांत साधारण साठ मुलं येऊन गेली, म्हणून माझ्याकडेही कागद येतात. ज्याच्या कामाची मनापासून स्तुती करता येत नाही, त्याने पत्र मागितलं तर काय करावं? द्यावं, की नाही म्हणावं? नाही म्हणणं हा निष्ठुरपणा आहे का? या प्रश्नाचा मी बराच विचार केला, तोच इथे मांडतो.

आधी हे पत्र असतं काय ते पाहू. आपल्या मनात शिफारस म्हणजे चिठ्ठी, "आपला मुलगा आहे, सांभाळून घ्या" अशी. परदेशी विद्यापीठांचा कागद तसा नसतो. तिथे मुलगा अर्जात तुमचं नाव आणि ईमेल देतो, मग विद्यापीठ तुम्हाला थेट एक दुवा पाठवतं. तो उघडला की प्रश्न येतात. तुम्ही या विद्यार्थ्याला किती वर्षं ओळखता, आणि कोणत्या नात्याने? त्याची विश्लेषणाची ताकद, लेखन, प्रामाणिकपणा कसा आहे? मग बऱ्याच ठिकाणी एक तक्ता असतो. तुम्ही शिकवलेल्या सगळ्या मुलांत हा कुठे बसतो? वरच्या ५ टक्क्यांत, १० टक्क्यांत, २५ टक्क्यांत, की सरासरी? शेवटी पत्र जोडायचं.

यात एक बारीक मेख आहे. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने विद्यार्थ्याला आपली कागदपत्रं पाहण्याचा हक्क आहे. पण अर्ज करताना त्याला विचारतात की शिफारसपत्र पाहण्याचा हक्क तू सोडतोस का? बहुतेक मुलं हो म्हणतात, कारण गुप्त पत्राला वजन जास्त. म्हणजे तुम्ही काय लिहिलंत ते त्या मुलाला कधीच कळत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

आता एक प्रसंग सांगतो. मुलाची ओळख पटेल असं काही सांगत नाही. घर बंदरातलं, वडिलांची यांत्रिक होडी. मुलगा वागायला चांगला, हिशोबाला चपळ. हर्णे बंदरातल्या लिलावात बोली कुठे थांबली, किती टोपल्या, एकूण रक्कम किती, हे तो तोंडी सांगायचा. तिसऱ्या वर्षाला त्याने प्रकल्प निवडला होता, एका मच्छीमारी होडीचा सहा महिन्यांचा जमाखर्च. विषय सुरेख. डिझेल, बर्फ, शिधा, जाळ्याची दुरुस्ती, खलाशांचा वाटा, लिलावाची विक्री, सगळं रोजच्या पाहण्यातलं. बघायचं कामही माझ्याकडेच होतं.

वही आली ती टाइप केलेली, रंगीत आलेखांसह. एप्रिल ते सप्टेंबर. मी पहिल्यांदा विक्रीचा रकाना पाहिला. एप्रिल २,००,०००. मे २,१०,०००. जून २,२०,५००. जुलै २,३१,५२५. आकड्यांवर नजर बसलेल्या माणसाला इथेच खटकतं. दोन लाख दहा हजारांना दोन लाखांनी भागा, मग दर महिन्याला तसंच करत जा. दर वेळी उत्तर एकच, १.०५. दर महिन्याला बरोबर पाच टक्के वाढ! समुद्र असा शिस्तीत मासळी देत नाही. संगणकावर एक सूत्र टाकून रकाना खाली ओढला की असं होतं.

दुसरी गोष्ट तर हर्णैतल्या शेंबड्या पोरालाही कळावी. जूनमध्ये बावीस फेऱ्या, जुलैत वीस. रोजचं डिझेल, रोजचा बर्फ. अहो, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते! त्या दिवसांत होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात. याच्या स्वतःच्या वडिलांची होडी तेव्हा किनाऱ्यावर उभी होती, आणि वहीत ती रोज बावीस वाव पाण्यात जाळं टाकत होती.

मी विचारलं तेव्हा त्याने लपवलं नाही. "काका, नेटवर एक नमुना होता, तोच बसवला. कॉलेजने पास केलं ना." खरंच केलं होतं. त्यानंतर सहा महिन्यांनी तो शिफारसपत्रासाठी आला. परदेशात वित्त विषयाचा एम.एस्सी. करायचा होता. सोबत मसुदाही तयार करून आणलेला, कोणा एजंटाने दिलेला. त्यात मी म्हणत होतो की गेल्या नऊ वर्षांत मी शिकवलेल्यांत हा सर्वोत्तम, याने प्रत्यक्ष बंदरावर जाऊन माहिती गोळा केली आणि स्वतंत्र विश्लेषण केलं. वर तो म्हणाला, "तुम्हाला त्रास नको, तुमच्या नावाचा ईमेल मीच काढतो. पासवर्ड माझ्याकडे राहील. तुम्ही फक्त हो म्हणा."

हा ईमेलचा भाग आधी बाजूला काढतो, कारण त्यात विचार करण्यासारखं काही नाही. माझ्या नावाने दुसऱ्याने उत्तरं देणं म्हणजे माझी सही दुसऱ्याने करणं. ते मी त्याला तिथल्या तिथे सांगितलं आणि त्याला पटलंही. अवघड प्रश्न मसुद्याचा होता.

दोन दिवसांनी त्याची आई आली. पडवीच्या पायरीवर बसून म्हणाली, "भाऊ, पोराचं आयुष्य हाय. दोन ओळी लिवल्यान तर तुमचं काय कमी व्हनार हाय?" तिला काय उत्तर द्यायचं? तिचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. मोठ्या शहरातल्या मुलांच्या मागे नावाजलेली कॉलेजं असतात, पत्रं लिहून देणारे सल्लागार असतात. तिथे प्रत्येक जण सर्वोत्तम असतो. सगळेच भाव फुगवून सांगत असतील आणि मी एकट्याने खरा भाव सांगितला, तर मार बसणार तो आमच्या बंदरातल्या पोरालाच. सचोटी माझी आणि किंमत त्याने मोजायची, हे कसलं न्यायाचं?

या प्रश्नाने मला खरंच झोप लागू दिली नाही. मग मी जमाखर्चाच्या माणसाची सवय वापरली. या पत्राने कोणाच्या खात्यावर काय पडतं, ते एकेक मांडून पाहिलं.

पहिलं खातं पत्र वाचणाऱ्याचं. तो हर्णैला कधी येणार नाही. त्याला मुलगा दिसत नाही, वही दिसत नाही, फक्त मी दिसतो. माझ्या डोळ्यांनी तो पाहणार, म्हणून तर त्याने मला विचारलं.

दुसरं खातं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं, ते दुसऱ्या एका मुलीचं. साठ मुलांत वरचे पाच टक्के म्हणजे तीन मुलं. चौथ्याला तिथे जागा नाही. त्या तिघांत एक मुलगी आहे. तिने चार महिने लिलावाला उभं राहून कागदाच्या चिटोऱ्यांवर भाव टिपले, बायकांच्या शिव्या खाल्ल्या, आणि अखेरीस तिचा ताळेबंद अडीचशे रुपयांनी जुळला नाही तो तसाच न जुळलेला लिहून आणला. खाली टीप दिली की फरक सापडत नाही. उद्या ती माझ्याकडे पत्र मागायला आली, तर मी तिच्याबद्दल काय लिहू? मोठमोठे शब्द तर आधीच दुसऱ्याला देऊन झालेले असतील. आपण समजतो की खोट्या स्तुतीने कोणाचं काही जात नाही. जातं, पण ज्याचं जातं तो त्या वेळी पायरीवर बसलेला नसतो, म्हणून आपल्याला दिसत नाही.

तिसरं खातं त्या मुलाचं स्वतःचं. परदेशी शिक्षणाचं कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँका साधारणपणे तारण मागतात. इथे घर तारण पडणार होतं. त्या अभ्यासक्रमात पहिल्याच सहामाहीत खरी आकडेवारी हाताळायची असते, आणि दुसऱ्याचं काम उचलल्याचं सापडलं तर तिथे सोडत नाहीत. जो मुलगा ओढलेल्या रकान्यावर अजून समाधानी आहे, त्याला माझ्या सहीने तिथवर ढकलायचं आणि मागे घरावर बोजा ठेवायचा, ही मदत म्हणता येईल का?

एवढं मांडल्यावर मसुद्यावर सही करायची नाही, हे ठरलं. पण मग एक मधली वाट खुणावते, आणि बहुतेक भली माणसं तिच्याच नादी लागतात. खोटंही लिहायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही. कोमट पत्र लिहायचं. "मुलगा नियमित येत असे, स्वभावाने नम्र आहे, त्याला शुभेच्छा." मुलगा खूश, आई खूश, आपण खोटं बोललो नाही म्हणून आपणही खूश.

बँकेच्या धंद्यातलं एक गाजलेलं उदाहरण इथे सांगण्यासारखं आहे. १९५८ साली लंडनच्या एका जाहिरात संस्थेला आपल्या ग्राहक कंपनीची पत जाणून घ्यायची होती. तिच्या बँकेने त्या कंपनीच्या बँकेकडे, हेलर अँड पार्टनर्सकडे, विचारणा केली. उत्तर आलं ते जबाबदारी नाकारून, आणि असं गोलमाल की कंपनी नेहमीच्या व्यवहाराला ठीक समजली जाते, मात्र तुम्ही म्हणता ते आकडे आम्ही सहसा पाहतो त्याहून मोठे आहेत. मुरलेला बँकवाला हे वाचून सावध झाला असता. जाहिरातवाल्यांनी त्याचा अर्थ होकार असा घेतला आणि कंपनी बुडाली तेव्हा त्यांचे सतरा हजार पौंड गेले. १९६३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने निकाल दिला. जबाबदारी आधीच नाकारलेली असल्यामुळे बँक सुटली. पण न्यायाधीशांनी तत्त्व घालून दिलं, की समोरचा आपल्या शब्दावर विसंबणार आहे हे ठाऊक असताना मत देणाऱ्यावर काळजी घेण्याचं कर्तव्य येतं. बँकेच्या परीक्षांना बसलेल्यांना हा खटला ठाऊक असतो.

कोमट पत्राचंही तसंच आहे. पत्र वाचून ज्यांचे केस पांढरे झालेत, त्यांना "नियमित येत असे" याचा अर्थ बरोबर कळतो. न कळणारा एकटा तो मुलगा. त्याने तर पत्र पाहण्याचा हक्कही सोडलेला. तो आपल्याला पेढे देतो, अर्जाची फी भरतो, आणि नकार येतो तेव्हा दैवाला दोष देतो. धर्मराजाने अश्वत्थाम्याबद्दल जे वाक्य द्रोणांना सांगितलं, त्यातला शब्द न् शब्द खरा धरता येतो. तरी त्याचा रथ जमिनीला टेकला, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो, कारण ऐकणाऱ्याने काय समजावं हे बोलणाऱ्याने आधीच ठरवलेलं होतं. तोंडावर नाही म्हटलं तर मुलाला निदान दुसरीकडे जायला वेळ मिळतो. कोमट पत्र तेवढाही वेळ देत नाही.

मग शिफारस करणाऱ्याने फक्त डोळे दिपवणाऱ्या कामाचीच शिफारस करायची का? तसंही नाही. आपल्याच जिल्ह्याशी नातं असलेलं एक उदाहरण आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव शेजारच्या मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, आणि वडील निवृत्तीनंतर काही काळ दापोलीला राहिले होते. लंडनला बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. १९२२ साली सादर केला, तो परीक्षकांनी दुरुस्त करायला परत दिला. दुरुस्त करून पुन्हा सादर झाला आणि १९२३ साली पदवी मिळाली. त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक एडविन कॅनन. त्याच वर्षी ग्रंथ छापला गेला तेव्हा त्याला प्रस्तावना कॅनननीच लिहिली. त्या प्रस्तावनेत ते उघड सांगतात की लेखकाच्या टीकेतलं बरंच काही मला मान्य नाही, पण जिथे तो मला चुकीचा वाटला तिथेही त्याच्या विचारात आणि कारणांत ताजेपणा आढळला. बाबासाहेबांनीही आपल्या मनोगतात कॅननच्या कडक तपासणीने आपल्याला अनेक चुकांपासून वाचवलं, असं कृतज्ञतेने म्हटलं आहे.

मला यातून हे कळलं की मतभेद, कच्चेपणा, दुरुस्तीला परत आलेलं काम, यांतलं काहीच शिफारशीच्या आड येत नाही. मार्क कमी असलेल्या मुलाचंही पत्र लिहिता येतं, काम त्याचं स्वतःचं असलं आणि त्याबद्दल काहीतरी खरं, नेमकं सांगता येत असलं म्हणजे झालं. मी स्वतःला एक साधी कसोटी लावतो. ज्या पत्राने खरंच उपयोग होईल, असं पत्र या मुलासमोर मोठ्याने वाचून दाखवता येईल का? आणि त्याच्या शेजारी ती चिटोरेवाली मुलगी बसलेली असताना? दोन्हींना हो आलं तर लिहायला बसावं. नाही आलं तर नाही म्हणावं.

नाही म्हणण्याचीही रीत आहे. पहिलं म्हणजे लवकर सांगावं. "बघतो, करतो" म्हणत मुदतीच्या आदल्या दिवसापर्यंत ताटकळत ठेवणं हे नकारापेक्षा वाईट. त्याची मुदत सात आठवड्यांवर होती, मी तिसऱ्या दिवशी सांगितलं. दुसरं, त्यालाच सांगावं, आईबापांकरवी नाही, आणि चारचौघांत तर नाहीच. तिसरं, कारण कामाचं द्यावं, माणसाचं देऊ नये. "तू लबाड आहेस" असं मी म्हटलं नाही, मला तसं वाटतही नव्हतं. म्हटलं, "बाळा, या मसुद्यात लिहिलंय की तू बंदरावर जाऊन आकडे जमवलेस. वहीत जून-जुलैची विक्री आहे. मला हे लिहिता येणार नाही. आणि हे सोडून जे उरतं, तेवढ्याने तुझा अर्ज बुडेल. ज्याने तुझं चांगलं काम पाहिलंय त्याच्याकडे जा."

चौथं, जे खरं आहे ते द्यायला हात आखडू नये. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत माझ्याकडे येत होता, दुहेरी नोंद पद्धत आणि तेरीजपत्रकापर्यंत शिकला, असा दाखला मी त्याला दिला. तो दाखला आहे, शिफारस नाही, हे त्यालाही समजावून सांगितलं. त्याची लिलावातली तोंडी हिशोबाची हुशारी मी मनापासून मानतो. मासळीच्या कंपनीत खरेदीच्या कामासाठी पत्र मागशील तर आज लिहितो, असंही सांगितलं.

पाचवं, दार कशाने उघडेल ते सांगावं. म्हटलं, वडिलांच्या होडीच्या लिलावाच्या चिठ्ठ्या घरात कुठेतरी खोचलेल्या असतीलच. बंदीनंतरचे तीन महिने घे, ऑगस्ट ते ऑक्टोबर. एकेक चिठ्ठी लावून खरा जमाखर्च मांड, तोट्यात आला तरी चालेल. मग मी पत्र लिहीन, आणि आधीची वही कशी होती नि ही कशी आहे, तेही त्यात लिहीन. असं पत्र पुष्कळांच्या "सर्वोत्तम"पेक्षा भारी पडतं, कारण वाचणाऱ्याला त्यात खरं काहीतरी सापडतं.

राहिला त्या माउलीचा प्रश्न, सगळं जग फुगवून लिहीत असताना आपल्याच पोराने का मार खावा? त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच कळतं, की बंदरातल्या पोरांना मोठी नावं मिळत नाहीत, म्हणून इथल्या साध्या माणसाच्या शब्दाला वजन राहणं त्यांच्याच गरजेचं आहे. ते वजन मी एकाच पत्रात खर्च केलं तर पुढच्या पोराला देणार काय? तिला मी हे असंच सांगितलं. तिला पटलं असं म्हणवत नाही. ती उठली, पदर झटकला आणि गेली.

पुढे त्या मुलाचं काय झालं ते मी मुद्दाम सांगत नाही. त्याचं चांगलं झालं असलं तरी माझा नकार चूक ठरत नाही, आणि वाईट झालं असलं तर तो बरोबरही ठरत नाही. कर्ज मंजूर करताना त्या दिवशी समोर जे कागद होते, त्यांवरूनच निर्णयाची पारख करतात. माझ्यासमोर एक वही होती, तिच्यात जून आणि जुलै होते. त्यावरून मी ठरवलं.

आपल्या घरी असा कागद आला, तर मंडळी, पेन उघडण्याआधी आमच्या हेडकॅशियरांचा प्रश्न एकदा विचारून पाहा. माझी नि तुझी ओळख कशातली? जे उत्तर येईल तेवढंच लिहावं. त्यात पत्र होत नसेल तर मुलाला बसवून, पाणी देऊन, त्याच दिवशी तसं सांगावं.